चि. मेधास, गुवाहाटीच्या नेमणुकीबद्दल

चि. मेधा हिस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर "मी नाहीच म्हणून कळवून टाकते" असे तू म्हणालीस, तेव्हा आई शेजारीच बसलेली असल्यामुळे मी गप्प राहिलो. पदोन्नतीचे ऐकून मला फार आनंद झाला आणि पाठोपाठ गुवाहाटी ऐकून पोटात गोळाही आला. माझ्या कंपवातापायी तू नकार देऊ नयेस, एवढेच मला लिहायचे आहे.

केंद्राच्या नोकरीत पदोन्नतीचा नकार वरिष्ठांनी मान्य केला, तर नकाराच्या तारखेपासून वर्षभर ती पुन्हा देऊ केली जात नाही आणि त्या अवधीत वर गेलेले कनिष्ठ ज्येष्ठतेतही पुढे निघून जातात. कारण न पटल्यास नकार फेटाळला जातो आणि रुजू न झाल्यास कारवाई होऊ शकते. दिव्यांग कुटुंबीयाची देखभाल करणाऱ्यांना असलेली सवलत नेहमीच्या फेरबदलीसाठी आहे, पदोन्नतीवरच्या नेमणुकीला ती लागेलच असे समजू नकोस. कंपवात २०१६ च्या कायद्याच्या यादीत आहे खरा, परंतु किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते आणि माझ्याजवळ ते नाही. म्हणून माझ्या नावावर नकार टिकणार नाही.

तेव्हा नकार न कळवता आधी लेखी विनंती कर. निहारची दहावीची परीक्षा मार्चमध्ये आहे, तोवर रुजू होण्यास मुदत द्यावी किंवा जवळचे रिक्त पद द्यावे, असे लिही आणि अर्ज कार्यालयामार्फतच पाठव. अर्ज केला म्हणजे आदेश थांबला असे होत नाही, हेही ध्यानात ठेव. आजारपणाची रजा टाकून वेळ काढण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो ऐकू नकोस. पुन्हा उपदेश झाला, क्षमा कर. सत्तावीस वर्षे आस्थापना विभागात बसल्याचा हा परिणाम.

माझी नांदेडला बदली झाली तेव्हा तू तिसरीत होतीस आणि प्रत्येक पत्रात पाढ्यांची चूक मुद्दाम करून मला सुधारायला लावायचीस. मामांनी तेव्हा घर सांभाळले. आता ते नाहीत, हे मला ठाऊक आहे.

माझे म्हणशील तर गोळी वेळेवर पोटात गेली की मी चांगला चालतो. उशीर झाला की दारातच पाय खिळतात. जेवणाच्या अर्धा तास आधी ती द्यायची, हे आईला पाठ आहे. रात्री कूस बदलताना तिला उठवावे लागते, त्यासाठी रात्रपाळीची बाई पाहतो आहोत. ती मिळेपर्यंत तू इथे असावीस असे वाटते, पण माझ्यासाठी थांबू नकोस. हे परस्परविरोधी आहे, तरी दोन्ही खरे आहे.

जावईबापूंशी बोलून अर्जाचा मसुदा मला पाठव. अक्षर बारीक होत चालले आहे, तेव्हा उत्तर आईच्या हातचे येईल.

तुझे,
बाबा