नाव खोडलं म्हणजे माणूस लपला असं नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जिल्ह्यातल्या महाविद्यालयांच्या प्रकल्प प्रदर्शनाची बातमी आपल्या दैनिकात आली होती. द्राक्ष बागायतदारांच्या कर्जाचा आणि मानसिक ताणाचा अभ्यास करणाऱ्या एका प्रकल्पाचं त्यात कौतुक होतं. विषय निवडल्याबद्दल मुलांना शाबासकी द्यायलाच हवी. तासगाव-कवठेमहांकाळ पट्ट्यात घरोघर जाऊन असं बोलतं करणं सोपं नाही. पण अहवालाबरोबर मुलांनी सर्वेक्षणाची सगळी एक्सेल फाइल लिंकवर खुली ठेवली आहे आणि प्रस्तावनेत लिहिलं आहे, ‘उत्तरदात्यांची नावे व मोबाइल क्रमांक काढून टाकल्याने गोपनीयता पूर्णपणे जपली आहे.’ मी अनेक वर्षं संख्याशास्त्र शिकवलं आहे. हे वाक्य खरं नाही, आणि त्याची किंमत मुलांना नाही, गावातल्या माणसांना मोजावी लागेल, म्हणून हे पत्र.

त्या फाइलमधली एक ओळ पाहा. तपशील मी मुद्दाम बदलले आहेत, पण घडण तीच आहे. स्त्री, वय ५२, एकूण क्षेत्र १ हेक्टर ३७ आर, बाग सोनाका, सोसायटीचं पीककर्ज थकीत, झोपेच्या गोळ्या चालू. गावाचं नाव अहवालाच्या मुखपृष्ठावरच छापलं आहे. आता त्या गावात स्वतःच्या नावावर द्राक्षबाग असलेल्या, पन्नाशीतल्या बायका किती असतील? गावातल्या कुणालाही चार-पाच नावं बसल्या जागी सुचतील. त्यातली नेमकी कोण, हे ठरवायला त्याला चावडीतही जावं लागत नाही. महाभूलेखच्या संकेतस्थळावर खातेदाराच्या नावाने आठ-अ पाहता येतो. एकूण क्षेत्र जिचं १ हेक्टर ३७ आर, ती हीच. मुलांनी क्षेत्र अचूक यावं म्हणून ते आठ-अ वरूनच उतरवून घेतलं होतं. तो अचूकपणाच इथे नावाचं काम करतो.

शोधणारा म्हटलं की आपल्याला दूर कुठे बसलेला हॅकर आठवतो. गावात तशी गरज नसते. वाटणीचा दावा चालू असलेली भावकी, व्याजाने पैसे देणारा, सोयरीक ठरवायला आलेले पाहुणे, यांना निम्मी माहिती आधीच असते आणि उरलेली निम्मी ही फाइल पुरवते. त्या बाईंच्या घरी थकबाकी आहे हे एखाद्याला ठाऊक असेलही, पण गोळ्या चालू आहेत हे त्यांनी फक्त सर्वेक्षणाला आलेल्या विद्यार्थिनीला सांगितलं होतं, नाव कुठे येणार नाही या भरवशावर.

यात नवीन काही नाही. नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने आपल्या कर्मचाऱ्यांच्या दवाखान्याच्या नोंदी नावं काढून संशोधनासाठी दिल्या होत्या. लतान्या स्वीनी या विद्यार्थिनीने केंब्रिज शहराची मतदार यादी २० डॉलरना विकत घेतली आणि दोन्हीकडच्या जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड यांची सांगड घातली. राज्यपाल विल्यम वेल्ड यांची जन्मतारीख असलेले त्या यादीत सहा जण होते, त्यांतले तीन पुरुष, आणि त्यांच्या पिनकोडमध्ये ते एकटेच. त्यांच्या दवाखान्याच्या नोंदी हाती आल्या. याच स्वीनींनी २००२ मध्ये के-अनॉनिमिटी नावाची कसोटी मांडली: बाहेरून कळू शकणाऱ्या गोष्टींचा प्रत्येक मेळ फाइलमध्ये निदान ठरावीक इतक्या ओळींत तरी सापडला पाहिजे, एकट्या ओळीत नाही.

ही कसोटी आपल्या मुलांना एका तासात लावता येते. आधी कोणते रकाने गावाला बाहेरून कळतात ते ठरवायचं. इथे लिंग, वय, क्षेत्र आणि बागेची जात. मग एक्सेलमध्ये COUNTIFS वापरून प्रत्येक ओळीपुढे तसाच मेळ असलेल्या ओळी किती, हा आकडा आणायचा. मी तो आणून पाहिला. जवळजवळ सगळीकडे १ आला, म्हणजे जवळजवळ प्रत्येक ओळ आपल्या मालकाकडे बोट दाखवते आहे. उपाय म्हणजे रकाने जाडेभरडे करणं. वय दहा-दहा वर्षांच्या गटात, क्षेत्राऐवजी १ हेक्टरपर्यंत, १ ते २, आणि २ च्या वर, गावाऐवजी तालुका, बागेची जात काढूनच टाकायची. पुन्हा मोजायचं. आकडा पाचाच्या खाली राहील त्या ओळी आणखी मोठ्या गटात घालायच्या किंवा वगळायच्या.

एवढ्यावरही थांबता येत नाही, आणि हे मार्गदर्शकांनाही अनेकदा माहीत नसतं. समजा गट केल्यावर ‘स्त्री, ५० ते ५९, १ ते २ हेक्टर’ यात सहा ओळी आल्या आणि सहाही जणींचं कर्ज थकीत निघालं. मग त्यातली आपली शेजारीण कोणती हे कळायची गरजच उरत नाही. ती त्या सर्वेक्षणात आहे एवढं माहीत असलं की पुरे. म्हणून गटाच्या आकाराबरोबर नाजूक रकान्यातली उत्तरं गटात एकसारखी नाहीत ना, हेही पाहावं लागतं. असतील तर तो गट छापायचा नाही.

आणखी दोन रकाने या फाइलमध्ये तसेच राहिले आहेत. एक Timestamp. गुगल फॉर्मने माहिती भरली की हा रकाना आपोआप येतो. मुलं एका आळीतून ओळीने गेली, त्यामुळे वेळेचा क्रम म्हणजेच घरांचा क्रम झाला, आणि भेटींचे फोटो तर अहवालातच वेळेसकट आहेत. दुसरा ‘शेरा’. त्यात कुणी लिहिलं आहे, ‘मोठा मुलगा पुण्याला, धाकट्याचं लग्न मोडलं.’ हा रकाना कितीही गट केले तरी दुरुस्त होत नाही, तो खुल्या फाइलमध्ये असताच कामा नये.

मुलांचं म्हणणं मला ठाऊक आहे: जाडेभरडे गट केले की क्षेत्र आणि कर्ज यांचा संबंध नीट दिसत नाही, तोंडी परीक्षेत विचारतात. बरोबर आहे, नुकसान होतंच. पण विश्लेषण मूळ फाइलवर करावं, ती मार्गदर्शकांकडे पासवर्डखाली ठेवावी, आणि बाहेर फक्त गटांचे तक्ते द्यावेत. या दोन फाइली एक असायला हव्यात असं कुणीही सांगितलेलं नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही वैयक्तिक माहितीची व्याख्या नावावर बांधलेली नाही. ज्या माहितीवरून माणूस ओळखता येतो ती वैयक्तिक, असं तो म्हणतो.

माझी विनंती महाविद्यालयांना आहे. प्रकल्पाच्या मूल्यमापनात संमतीपत्राच्या शेजारी एक पान आणखी मागा: कोणते रकाने बाहेरून ओळखू येतात, सर्वांत लहान गट किती ओळींचा राहिला, आणि वगळलेल्या ओळी किती. हे पान नसेल तर फाइल खुली करू देऊ नका. ज्या प्रकल्पाबद्दल लिहिते आहे त्याच्या मार्गदर्शकांना मी आधी कळवलं आहे. हे पत्र लिहीपर्यंत ती लिंक चालूच होती. ती आजच बंद व्हावी आणि त्या गावात जाऊन मुलांनी लोकांना काय झालं ते सांगावं. त्यांची माहिती किती जणांनी उतरवून घेतली हे आता कळायचा मार्ग नाही, पण ती बाहेर गेली आहे हे कळण्याचा हक्क त्यांना आहे.

आपली,
संख्याशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका,
विश्रामबाग, सांगली