वंशावळ टाईप करायला बसशील तेव्हा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

आजोबांच्या हातच्या वंशावळीचे फोटो मिळाले. एवढ्या मोठ्या कागदावर सगळं घराणं एकहाती मांडायचं म्हणजे त्या माणसाची चिकाटी किती! आता ती फाटायच्या आत मजकुराच्या फाईलमध्ये उतरवून ठेवतो आहेस, हे फार बरं करतो आहेस.

मूळ कागद जपून ठेव आणि काम झेरॉक्सवर कर. टाईप करण्याआधी त्या झेरॉक्सवर, लग्न होऊन आलेल्या सुना-जावई सोडून, प्रत्येक नावाला पेन्सिलीने क्रमांक दे. हे कंटाळवाणं वाटेल, पण त्यावाचून गत्यंतर नाही. कागदावर वंशावळ आडवी पसरलेली असते: एका ओळीत सगळे भाऊ, खालच्या ओळीत सगळ्यांची मुलं. फाईलमध्ये मात्र एक शाखा शेवटच्या नातवापर्यंत उतरायची, मग वर येऊन पुढचा भाऊ घ्यायचा. या वर-खाली फिरण्यात एखादी शाखा हमखास सुटते. शिवाय आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवायची चाल, त्यामुळे एकच नाव दर दोन पिढ्यांनी परत येतं. नावावरून माणूस ओळखायला गेलास तर आजोबांची मुलं नातवाच्या पदरात पडतील.

आता मुख्य गोष्ट. मुलं बापाखाली लिहू नकोस, लग्नाखाली लिही. माणसाची एक ओळ, तिच्याखाली थोडी आत सरकवून प्रत्येक लग्नाची स्वतंत्र ओळ आणि त्या लग्नाची मुलं आणखी आत. तुझ्या घरची नावं अजून माझ्या नीट डोक्यात बसलेली नाहीत, म्हणून आपल्या दोघांनाही पाठ असलेलं पेशव्यांचं घराणं घेतो. लग्नाच्या ओळीला मी `=` ही खूण वापरली आहे.

```
१ बाळाजी विश्वनाथ
  = राधाबाई
    २ बाजीराव
      = काशीबाई
        ३ बाळाजी ऊर्फ नानासाहेब
          = गोपिकाबाई
            ४ विश्वासराव
            ५ माधवराव
            ६ नारायणराव
          = राधाबाई
        ७ रघुनाथराव
      = मस्तानी
        ८ समशेर बहाद्दर
    ९ चिमाजी
      = रखमाबाई
        १० सदाशिवराव
      = अन्नपूर्णाबाई
        ११ बयाबाई
    १२ भिऊबाई
      = आबाजी जोशी, बारामती
    १३ अनुबाई
      = व्यंकटराव घोरपडे, इचलकरंजी
```

अल्पवयात गेलेली मुलं आणि पुढच्या काही शाखा इथे जागेअभावी गाळल्या आहेत. तू मात्र कुणालाही गाळू नकोस. कागदावर नुसतं ‘बाळ’ लिहिलं असेल तरी त्याला ओळ दे.

चिमाजीअप्पांकडे बघ. हाताने काढलेल्या वंशावळीत त्यांच्या नावाखाली एका कंसात दोन्ही बायका आणि त्याखाली एका रांगेत दोन्ही मुलं, एवढंच असतं. कोण कुणाचं हे कागद सांगत नाही. ठाऊक असणाऱ्याला सदाशिवराव रखमाबाईंचे हे ठाऊक असतं, पण तुझ्या खापरपणजोबांच्या दोन बायकांबद्दल असं सांगणारं आता कोण उरलं आहे? आई ठरवता येत नसेल तेव्हा मुलांना सरसकट पहिल्या बायकोखाली घालू नकोस. `= आई अज्ञात` अशी वेगळी ओळ घाल आणि त्याखाली लिही. उद्या एखाद्या आत्याने सांगितलं की ओळ हलवता येते. चुकीच्या आईखाली गेलेलं मूल मात्र कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण फाईल नीटनेटकी दिसते. नानासाहेबांचं राधाबाईंशी झालेलं लग्नही बघ. मूल नाही म्हणून ती ओळ सोडायची नाही, आणि त्या राधाबाई म्हणजे त्यांच्या आजी नव्हेत, हे जागेवरूनच कळतं.

तुमच्या कागदावर मुलींची नावं जवळजवळ नाहीतच, हे फोटोतही दिसतंय. मला ते खटकलं. भिऊबाई आणि अनुबाई यांना मी भावांच्याच पातळीवर ओळ दिली आहे. तूही तसंच कर, आणि त्यांची मुलंही खाली घे. मग एक अडचण येईल, ती आधीच सांगतो. भावाची मुलगी बहिणीच्या मुलाला दिलेली असली, आणि असं जुन्या घरांत कितीतरी वेळा झालेलं आहे, की नवरा-बायको दोघंही तुझ्या फाईलमध्ये आधीच असतात. अशा वेळी मुलं एकाच ठिकाणी लिहायची, समजा नवऱ्याच्या ओळीखाली, आणि लग्नाच्या ओळीत बायकोचा क्रमांक टाकायचा. तिच्या मूळ ओळीखाली फक्त `= क्र. २३ पाहा` एवढंच. दोन्हीकडे मुलं लिहिलीस तर घराणं फुगेल.

दत्तकाचंही असंच. दत्तक मुलगा दत्तक घेणाऱ्यांच्या खाली येतो, पण नावापुढे ‘दत्तक’ हा शब्द हवाच. रघुनाथरावांनी अमृतरावांना दत्तक घेतलं आणि दुसरा बाजीराव हा औरस मुलगा नंतर झाला. खूण नसेल तर दोघं सख्खे भाऊ वाटतील. तुमच्या कागदावर दोन ठिकाणी तुटक रेघ दिसते ती बहुधा दत्तकाचीच. जन्माचं घरही याच वंशावळीत असेल तर तिथे नाव ठेवून ‘दत्तक गेला, क्र. अमुक’ असं लिही.

रेघांवरून आठवलं. नाव कागदावर किती खाली आहे यावरून पिढी ठरवू नकोस. आजोबांना जागा पुरली नसेल तिथे त्यांनी नाव खाली ढकललं आहे. रेघ बोटाने वर धरत जा आणि ती कुठे पोचते ते बघ.

आत सरकवायला टॅब वापरू नकोस, स्पेसच वापर, कारण टॅबची रुंदी प्रत्येक प्रोग्रॅममध्ये वेगळी पडते. माझ्या पद्धतीत दोन स्पेस म्हणजे लग्न, चार म्हणजे पुढची पिढी. नावांच्या पुढे उभ्या रेघा काढून आकृती करायचा मोह टाळ. देवनागरी अक्षरांची रुंदी सारखी नसते, त्या रेघा कधीच जुळत नाहीत.

सनावळी कागदावर शकात आहेत. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतच्या तिथीला ७९ धरावे लागतात. महिना दिलेला नसेल तर मूळ शक तसाच ठेव, इसवी सन कंसात दे. मग एकदा तारखांवरून नजर टाक. आईच्या मृत्यूनंतर जन्मलेलं मूल दिसलं तर जागा चुकली. बापाच्या बाबतीत मात्र घाई करू नकोस. नारायणरावांचा खून ऑगस्ट १७७३ मध्ये झाला आणि सवाई माधवराव एप्रिल १७७४ मध्ये जन्मले, ते बरोबरच आहे. नऊ महिन्यांहून जास्त अंतर पडलं तरच थांबून विचार कर.

शेवटी झेरॉक्सवरचा सगळ्यात मोठा क्रमांक आणि फाईलमधल्या क्रमांकांच्या ओळी जुळतात का ते मोज. मुलींच्या आणि त्यांच्या मुलांच्या ज्या ओळी तू नव्याने घातल्यास त्यांना पुढचे क्रमांक दे, म्हणजे कागदावरचं कोणतं आणि विचारून मिळालेलं कोणतं हे वेगळं राहील.

तुमच्या कागदाच्या उजव्या कोपऱ्याचा फोटो तिरका आला आहे, तिथली तीन-चार नावं मला लागत नाहीत. दिवसाच्या उजेडात, कागद जमिनीवर पसरून, बरोबर वरून पुन्हा काढ आणि पाठव. आणि मोठ्या आत्यांना भेटायला जाणार असशील तर या आठवड्यातच जा. त्यांना आधी सासरी गेलेल्या मुलींची नावं विचार.

तुझाच