जाहिरातीतले प्रत्येक वाक्य यादीला लावून पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी अन्नपदार्थांच्या जाहिरातींचे मजकूर तपासण्याचे काम करतो. आपल्या पुरवणीतल्या कडक भाकरीच्या जाहिरातीवर चार शब्द लिहितो. मजकूर असा होता: ‘मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीची कडक भाकरी. तंतुमय घटकांनी भरपूर. शुगरचा त्रास आहे? रोज दोन भाकऱ्या खा, महिनाभरात फरक बघा. मधुमेहींनी आहार बदलताना डॉक्टरांना विचारावे.’

अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2018 च्या नियमांप्रमाणे, साधा अन्नपदार्थ आजार टाळतो किंवा बरा करतो असे जाहिरातीत म्हणता येत नाही. आपल्या जाहिरात विभागाकडे मनाई असलेल्या दाव्यांची यादी असेलही, पण तिच्यात नुसते ‘मधुमेह’ आणि ‘बरा होतो’ असे शब्द असतील तर वरच्या मजकुरात नेमके उलटे घडते. शेवटचे वाक्य पकडले जाते, जे खरे तर सावधगिरीचे आहे, आणि खरा दावा निसटतो. आपल्याकडे लोक ‘शुगर’ म्हणतात, ‘साखर वाढली’ म्हणतात, ‘गोळी सुटली’ म्हणतात. ही बोली यादीत हवीच. शिवाय ‘गोळ्या सुटल्या’, ‘बरी होते’ अशी बदललेली रूपेही धरली पाहिजेत.

इथे दावा दोन वाक्यांत विभागलेला आहे. ‘शुगरचा त्रास आहे?’ हा नुसता प्रश्न, आणि ‘फरक बघा’मध्ये आजाराचे नावच नाही. सुटी वाचली तर दोन्ही निर्दोष वाटतात. म्हणून प्रत्येक वाक्य मागच्या-पुढच्या वाक्यासह वाचावे, आणि ही जोडी जशीच्या तशी, शब्दही न बदलता, ‘आजारावर उपाय सुचवला आहे’ एवढे कारण लिहून जाहिरातदाराकडे परत पाठवावी. विभागाने स्वतः वाक्य सौम्य करून छापू नये. ‘शुगर नियंत्रणात मदत’ असे केले तरी दावा तोच राहतो.

हे वर्तमानपत्राचे काम नाही, असे कुणी म्हणेल. पण अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम 53 मध्ये दिशाभूल करणारी जाहिरात प्रसिद्ध करणाराही येतो आणि दंड 10 लाखांपर्यंत आहे. नेहमीच्या व्यवहारात जाहिरात घेतली, हा बचाव प्रकाशकाला मिळतो. मात्र ती बेकायदा आहे हे कळायला हवे होते, असे ठरले तर तो टिकत नाही.

‘तंतुमय घटकांनी भरपूर’ या वाक्याला मनाई नाही, त्याला पुरावा लागतो. घन पदार्थाच्या 100 ग्रॅममागे किमान 6 ग्रॅम तंतू असले तर ‘भरपूर’ म्हणता येते. ज्वारीच्या भाकरीला ते जमण्यासारखे आहे. तेव्हा हे वाक्य वेगळ्या शेऱ्याने परत पाठवावे: तयार भाकरीचा प्रयोगशाळेचा अहवाल जोडा, मग छापू. ज्वारीच्या पिठाचा अहवाल चालणार नाही.

आपला,
एक वाचक, सोलापूर