भिंतीच्या चिरेचे दोन फोटो

प्रिय संज्या,

तू पाठवलेले दोन्ही फोटो बघितले, आणि खाली तू लिहिलंयस की "बघ, मेमध्ये केवढी होती आणि आता मार्चमध्ये किती बारीक झालीये, म्हणजे भेग मिटतेय, इंजिनिअर बोलवायची गरज नाही ना?" नुसतं बघितलं तर कुणालाही तसंच वाटेल. पण मला ती मिटतेय असं वाटत नाहीये, उलट वाढतेय असा संशय आहे, आणि फोनवर हे नीट सांगता येणार नाही म्हणून सविस्तर लिहितोय. काका-काकू त्या घरात दोघंच राहतात, त्यामुळे हे शांतपणे पूर्ण वाच.

आधी अंतराचं बघू. मेमधला फोटो तू भिंतीला जवळजवळ चिकटून काढलायस, मार्चमधला खोलीच्या मधून. लांबून काढला की भेग बारीकच दिसणार, त्यात भिंतीचं काही नाही. त्यामुळे भेगेकडे बघायच्या आधी फोटोत असं काहीतरी शोधायचं ज्याचं खरं माप आपल्याला काढता येतं आणि जे मधल्या काळात हललेलं नाही. तुझ्या नशिबाने दोन्ही फोटोंत भेगेच्या शेजारचा स्विचबोर्ड आलाय. मी काकांना फोन करून तो पट्टीने मोजायला सांगितला, रुंदी बरोबर 200 मिलिमीटर भरली. मग तुझे ओरिजिनल फोटो (व्हॉट्सॲपवर नेहमीसारखे पाठवलेले नाही, ते लहान होऊन येतात, म्हणून तर तुला डॉक्युमेंट म्हणून परत पाठवायला लावले) कॉम्प्युटरवर पेंटमध्ये उघडले, तिथे माउस नेला की खाली पिक्सेलचे आकडे दिसतात.

मेच्या फोटोत बोर्ड 1600 पिक्सेल रुंद आहे, म्हणजे एका मिलिमीटरला 8 पिक्सेल. भेग बोर्डाच्या वरच्या कोपऱ्याजवळ जिथे वळण घेते तिथे 16 पिक्सेल, म्हणजे 2 मिलिमीटर. मार्चच्या फोटोत बोर्ड 800 पिक्सेल, मिलिमीटरला 4, आणि त्याच वळणावर भेग 4 पिक्सेल, म्हणजे 1 मिलिमीटर. डोळ्याला ती चौपट बारीक झाल्यासारखी वाटते, प्रत्यक्षात अर्धी आहे. आणि हेही लक्षात ठेव की भेगेची कड कुठे सुरू होते हे ठरवताना एखादा पिक्सेल इकडेतिकडे होतोच, तेव्हा मार्चचा आकडा पाऊण ते सव्वा मिलिमीटर असा धर. तिरकी भेग आडवी मोजली तर आकडा फुगतो, 45 अंशाला तर जवळपास दीडपट होतो, म्हणून मी दोन्हीकडे भेगेला काटकोनात मोजलंय.

तरी अर्धी झालीच ना, असं म्हणशील. इथेच खरी अडचण आहे, कारण मध्ये दिवाळी आली आणि दिवाळीच्या आधी तुम्ही घर रंगवून घेतलंत. पेंटरने भेग खरवडली, पुट्टी भरली, वर दोन हात दिले. म्हणजे त्या दिवशी भेगेची दिसणारी रुंदी शून्य झाली, भिंतीतली फट मात्र होती तेवढीच राहिली. आता मार्चमध्ये जी 1 मिलिमीटर दिसतेय ती दिवाळीनंतर नव्याने उघडलेली आहे आणि ती जुन्या फटीच्या वर मिळवायची आहे. पुट्टी सुकताना तिलाही केसासारखी चीर पडते, पण ती इतकी रुंद नसते. थोडक्यात 2 आणि 1 हे आकडे एकमेकांशी तोलताच येत नाहीत.

मग पुट्टी भरली तेव्हा फट किती होती हे कसं कळणार? मी काकूंकडे त्या भिंतीचे पावसाळ्यातले काही फोटो आहेत का विचारलं, तर त्यांनी गणपतीतले पाठवले, आणि एका फोटोत आरतीला उभ्या मंडळींच्या मागे तोच स्विचबोर्ड आणि तीच भेग आहे! फोटो लांबचा आहे, मिलिमीटरला जेमतेम 2 पिक्सेल मिळतात, भेगही साधारण 2 पिक्सेल दिसते. म्हणजे 1 मिलिमीटर, पण चूक अर्ध्या मिलिमीटरपर्यंत असू शकते. हा आकडा कच्चा आहे, तरी काहीच नसण्यापेक्षा बरा.

आता अकोल्याच्या जमिनीचा विचार कर. तुमच्याकडे काळी माती, कापसाची. ती पाणी पिऊन फुगते आणि सुकली की आकसते, उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात ते लहानपणी आपण बघितलेलंच आहे. तुमचं घर जुनं, लोडबेअरिंग, कॉलम नाहीत, भिंतीच स्लॅब पेलतात आणि पाया फार खोल नाही. घराच्या मधोमध खालची माती वर्षभर जवळपास सारखी ओली राहते, पण कडेची आणि कोपऱ्यातली माती ऊन लागून सुकते, आकसते आणि कोपरा किंचित खाली जातो. मग खिडकीच्या कोपऱ्यापासून स्लॅबकडे तिरकी भेग पडते, वर जास्त उघडी आणि खाली निमुळती. तुझी भेग अगदी अशीच आहे. अशी भेग मे-जूनच्या सुरुवातीला सगळ्यात जास्त उघडते आणि पावसाळ्याच्या शेवटी सगळ्यात कमी असते. त्यामुळे मेचा फोटो सप्टेंबरच्या फोटोशी लावला तर भेग दर वर्षी मिटल्यासारखी वाटेल आणि सप्टेंबरचा पुढच्या मेशी लावला तर दर वर्षी घर पडायला आल्यासारखं वाटेल. तुलना करायची तर मे ते मे, नाहीतर सप्टेंबर ते सप्टेंबर.

हे सगळं जुळवून बघ. मागच्या मेमध्ये 2. गणपतीत साधारण 1, म्हणजे पावसाने ती मिटली, जसं व्हायला हवं तसं. त्यावर दिवाळीनंतरची 1 मिळवली की मार्चमध्ये भिंतीतली खरी फट अंदाजे 2. म्हणजे मागच्या वर्षी मेमध्ये जिथे होतो तिथे आपण या वर्षी मार्चमध्येच आलोय आणि एप्रिल-मेचं ऊन अजून पुढे आहे. आकड्यांत चूक धरली तर सव्वा ते पावणेतीन असं काहीही असू शकतं, म्हणून मी "वाढतेय" असं छातीठोकपणे म्हणत नाही. पण "मिटतेय" असं म्हणायला तर काहीच आधार नाही. शिवाय अशा भेगेत उघडी असताना प्लास्टरचे कण पडतात, आता पुट्टीही बसलीये, त्यामुळे माती फुगली तरी ती पूर्ण मिटत नाही आणि दर वर्षी थोडी थोडी जास्त उघडी राहते.

नुसत्या रुंदीने घाबरू नकोस. ब्रिटनमधल्या बीआरई या संस्थेची वर्गवारी आमच्या कामात बरेच जण वापरतात, त्यात विटांच्या भिंतीतली 1 मिलिमीटरपर्यंतची भेग रंगकामात निघून जाणारी, 5 पर्यंतची भरून घेता येणारी, 5 ते 15 मध्ये दारं-खिडक्या अडकायला लागतात आणि 15 च्या पुढे गंभीर. तू 2 वर आहेस. (हे विटांच्या भिंतीचं. आरसीसीच्या बीम-कॉलमचा हिशोब वेगळा, तिथे आपल्या आयएस 456 मध्ये साधारण मर्यादाच 0.3 मिलिमीटर आहे.) मला काळजी आहे ती भेग अजून हलतेय याची. आणि काकांनी बोलता बोलता सांगितलं की त्या खोलीचं दार हल्ली वरच्या कोपऱ्यात घासतं आणि बाहेरून प्लिंथच्या वर तशीच तिरकी चीर दिसते. आतबाहेर दोन्हीकडे दिसते म्हणजे ती प्लास्टरची नाही, भिंतीची आहे.

म्हणून माझं स्पष्ट मत, स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलव, पावसाळ्याच्या आधी. उद्याच धावायला नको, पण पुढच्या दिवाळीपर्यंत थांबायलाही नको. कॉन्ट्रॅक्टरला दाखवू नकोस, तो बघताक्षणी भरून द्यायचा कोटेशन देईल आणि आपली खूण परत पुसली जाईल. त्या कोपऱ्याला बाथरूमचा चेंबर आहे ना, तो गळतोय का ते आधी बघून घे, एकाच कोपऱ्यात माती सतत ओली होत असेल तर तिथली हालचाल वेगळीच असते. आणि तो भिंतीलगतचा कडुनिंब उन्हाळ्यात त्याच मातीतलं पाणी ओढतो, पण तो घाईने तोडू नका, इंजिनिअरला विचारूनच काय ते ठरवा, कारण मोठं झाड एकदम काढलं की माती उलटी फुगायला लागते.

तोवर फोटोंवर विसंबून राहू नकोस. या रविवारी गेलास की भेगेच्या दोन्ही बाजूंना प्लग ठोकून एकेक स्क्रू बसव, दोघांत साधारण 100 मिलिमीटर अंतर, आणि एका बाजूला वर तिसरा, म्हणजे तिघांचा त्रिकोण होईल आणि भिंत वरखाली सरकली तरी कळेल. डिजिटल व्हर्नियर ऑनलाइन स्वस्तात मिळतो, स्क्रूंच्या बाहेरच्या कडांवर लावून वाचायचं, यात 0.1 मिलिमीटरचा फरकही कळतो, जो तुझ्या फोटोत कधीच दिसणार नाही. पहिलं रीडिंग तू स्वतः घे आणि काकांना दाखवून दे, पुढे दर महिन्याच्या 1 तारखेला सकाळी ते घेतील, सकाळीच म्हणतोय कारण दुपारी स्लॅब तापून फुगतो आणि भेग थोडी हलते.

फोटोही काढत राहा, इंजिनिअरला ते लागतात, पण पद्धत ठरवून घे. भेगेला आडवी पेन्सिलची रेघ मार, शेजारी तारीख लिही, स्टीलची पट्टी भिंतीला टेकवून धर, फोन भिंतीला समांतर आणि भेग फ्रेमच्या मधोमध. फार जवळ नेलास की काही फोन आपोआप वाइड लेन्सवर जातात आणि कडा वाकड्या येतात, तेव्हा हातभर लांब राहा. ट्यूबलाइट बाजूने असेल तर भेगेच्या ओठाची सावली पडून ती जाड दिसते, टॉर्च समोरून मार. आणि एक गोष्ट फोटोत येतच नाही ती नखाने तपास, भेगेवरून नख फिरवलं की एक बाजू दुसरीपेक्षा पुढे आलेली लागते का? लागत असेल, किंवा महिन्याभरात व्हर्नियरवर अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला, तर इंजिनिअरची अपॉइंटमेंट पुढची असली तरी त्याच आठवड्यात बोलवून घे आणि काका-काकूंना पुढच्या खोलीत झोपायला सांग.

अमरावतीत माझ्या ओळखीचे एक जण आहेत, काळ्या मातीतल्या घरांचं बरंच काम केलंय त्यांनी, रविवारचं पहिलं रीडिंग कळव म्हणजे त्यांच्याशी बोलून तारीख घेतो. मेचा, गणपतीतला आणि मार्चचा असे तिन्ही फोटो ओरिजिनल साइजमध्ये एका फोल्डरमध्ये ठेव आणि पेंटर कोणत्या तारखेला आला होता ते काकूंना विचारून त्यात लिहून ठेव, इंजिनिअरला ते सगळ्यात आधी लागेल.

तुझा,
मंग्या