तुझ्या स्टेटमेंटमध्ये सापडलेले पैसे

रविवार, ६ जुलै २०२५

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

रिटर्न भरण्यासाठी तू दोन्ही खात्यांची आणि क्रेडिट कार्डाची स्टेटमेंटं पाठवलीस, ती मिळाली. रिटर्नचं काम होईलच, पण त्याआधी हे वाच. एप्रिल २०२४ ते मार्च २०२५ ची प्रत्येक ओळ पाहताना मला बरंच काही दिसलं. तुझ्या खात्यातून आपोआप कापल्या जाणाऱ्या काही रकमा तुझ्या ध्यानातही नसतील.

मी पाहिलं कसं ते आधी सांगते, म्हणजे पुढच्या वर्षी तुलाच करता येईल. तू पीडीएफ पाठवली होतीस. बँकेच्या साइटवरून तेच स्टेटमेंट एक्सेलमध्ये उतरवून घे. तारखेप्रमाणे वाचत गेलं तर काहीच कळत नाही, कारण भाजी, रिक्षा आणि चहाच्या शंभर ओळींमध्ये ९९ रुपये हरवून जातात. म्हणून तपशिलाच्या रकान्यावर क्रम लाव. एकाच नावाच्या ओळी एकाखाली एक आल्या की ठरावीक अंतराने येणारं डोळ्यांत भरतं. रकमेवर क्रम लावू नकोस. तुझी सिनेमा-मालिकांची वर्गणी सप्टेंबरपर्यंत १४९ होती, ऑक्टोबरपासून १९९ झाली; रकमेच्या क्रमात ती दोन वेगळ्या ठिकाणी गेली असती. शिवाय `NACH`, `ACH`, `ECS`, `MANDATE`, `AUTOPAY` हे शब्द शोध. प्रत्येक बँक वेगळं लिहिते, पण यातलं काहीतरी बहुतेक सापडतंच.

नाव ओळखीचं नसेल तर घाबरू नकोस. पुष्कळदा दुकानाऐवजी मधल्या पेमेंट कंपनीचं नाव छापलेलं असतं. यूपीआयच्या ओळीत बारा आकडी संदर्भ क्रमांक असतो. ती तारीख आणि तो क्रमांक धरून तुझ्या यूपीआय ॲपमधला व्यवहार उघडलास की पैसे कुणाला गेले ते कळेल.

आता काय सापडलं ते. २८ मे २०२४ ला एक रुपया गेला आहे. त्याच नावाने ४ जूनला ४९९, आणि तिथून दर महिन्याला ४९९. हे ते योगाचं ॲप असणार, सात दिवस मोफत म्हणून घेतलेलं. तो एक रुपया देताना तू ऑटोपेला संमती दिलीस. त्या संमतीत किती रकमेपर्यंत कापता येईल तो आकडाही असतो, आणि तो बहुतेकदा वर्गणीपेक्षा बराच मोठा ठेवलेला असतो. मार्चअखेर दहा हप्ते गेले, म्हणजे ४९९० रुपये.

दुसरं जास्त वाईट आहे, कारण ते आठवड्याचं आहे. ३ ऑक्टोबरपासून दर गुरुवारी ९९ रुपये, नाव ॲप स्टोअरचं. फोटो सजवण्याचं काहीतरी असावं. २७ मार्चपर्यंत सव्वीस वेळा गेले, २५७४ रुपये. ॲप फोनवरून काढून टाकलं तरी वर्गणी थांबत नाही, हे लक्षात ठेव. प्ले स्टोअरमध्ये तुझ्या फोटोवर दाबून `Payments & subscriptions` आणि मग `Subscriptions` उघड. स्टेटमेंटमध्ये सगळं एकाच नावाखाली येतं, कुठलं ॲप किती घेतंय ते तिथेच दिसेल.

तिसरं बँक खात्यात दिसलंच नसतं. खात्यात फक्त कार्डाचं बिल भरल्याची एक ठोक रक्कम असते. कार्डाच्या स्टेटमेंटमध्ये ऑगस्टात अँटीव्हायरसचे १४९९ गेले आहेत, आणि तो लॅपटॉप तर तू विकलास. वर्षातून एकदाच येणारी वर्गणी सगळ्यात जास्त निसटते, म्हणूनच तीन महिन्यांचं स्टेटमेंट पाहून भागत नाही.

आणि कॉलेजच्या गावातलं जुनं खातं. त्यातून मेअखेरीस ४३६ आणि २० रुपये गेलेत. हे जीवनज्योती आणि सुरक्षा विमा योजनेचे वर्षाचे हप्ते. तुझ्या पगाराच्या खात्यातूनही तेच गेलेत. या योजना माणसाला एकाच खात्यातून घेता येतात. दोन ठिकाणी पैसे भरले तरी प्रत्येकीचं संरक्षण दोन लाखांपुरतंच राहतं आणि जादाचा हप्ता जप्त होऊ शकतो. पगाराच्या खात्यातलं चालू राहू दे, तो विमा मला हवाच वाटतो. जुन्या खात्यात डेबिट कार्डाचे जीएसटी धरून २३६ रुपयेही आहेत. म्हणजे न वापरलेल्या खात्याचे ६९२ झाले.

आता बेरीज. ती दोन तऱ्हांनी कर, कारण उत्तरं वेगळी येतात. गेल्या वर्षी प्रत्यक्ष गेले ते योगाचे त्या एक रुपयासकट ४९९१, फोटोचे २५७४, अँटीव्हायरसचे १४९९ आणि जुन्या खात्याचे ६९२. एकूण ९७५६. पण हे सगळं चालूच राहिलं तर पुढच्या पूर्ण वर्षात किती जातील? योगाचे बारा महिने धरून ५९८८, फोटोचे बावन्न आठवडे धरून ५१४८. बाकीचं तेवढंच. एकूण १३,३२७. वर्षाच्या मध्यात सुरू झालेल्या वर्गण्यांमुळे पहिला आकडा लहान दिसतो, निर्णय मात्र दुसऱ्यावर घ्यायचा. आठवड्याच्या ९९ रुपयांचे वर्षाला पाच हजारांवर होतात, हे महिन्याच्या हिशेबात कुणाच्या लक्षात येत नाही.

सिनेमांचे १९९ आणि फोटो साठवण्याचे १३० तू वापरतेस, ते मी यात धरले नाहीत. एसआयपीला तर हातही लावू नकोस. तीही नॅचमधूनच, म्हणजे बँकांच्या आपोआप हप्ते कापण्याच्या व्यवस्थेतूनच जाते, पण ती तुझी बचत आहे. ती खर्चाच्या बेरजेत आली तर आकडा फुगतो आणि माणूस नको ते बंद करून बसतो.

बंद करताना आधी ज्याची वर्गणी त्याच्याकडे रद्द कर, मग यूपीआय ॲपमधल्या ऑटोपेच्या यादीत जाऊन संमतीही रद्द कर. नुसती संमती काढली तर पैसे थांबतात, पण जिमसारख्या ठिकाणी करार उभाच राहतो. खातं रिकामं ठेवून हप्ता चुकवण्याचा मार्ग मुळीच नको. नॅच परत गेलं की बँक दंड लावते, वर जीएसटी. मी बँकेच्या काउंटरवर असताना पाचशेच्या हप्त्यापायी त्याहून जास्त दंड भरणारी माणसं मी पाहिली आहेत आणि मला फार वाईट वाटायचं.

रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कार्ड किंवा यूपीआयवरची अशी रक्कम कापण्याच्या किमान चोवीस तास आधी कळवावं लागतं, आणि त्यात नाव, रक्कम, तारीख असते. तुझ्या फोनवर ते मेसेज जाहिरातींच्या ढिगात पडत असणार. `mandate` शब्द घालून शोध, पुढचं काय कापलं जाणार ते आधीच दिसेल.

अँटीव्हायरसचं नूतनीकरण ऑगस्टात आहे, तेव्हा ते याच आठवड्यात रद्द कर. गुरुवारच्या आत फोटोवालं. जुनं खातं बंद करायला शाखेत जावं लागेल. गणपतीला येशील तेव्हा जाऊ, पासबुक आणि डेबिट कार्ड बरोबर आण. एप्रिल ते जूनचं स्टेटमेंटही पाठव, मार्चनंतर नवीन काही लागलंय का ते मला पाहायचं आहे.

तुझी,
आई