सूचना : हाडे-स्नायू लेबलिंगचे अर्धे गुण

सर्व परीक्षक सहकाऱ्यांना नमस्कार. पहिल्या वर्षाच्या उत्तरपत्रिकांत नितंबास्थीच्या आकृतीला तपासनीसागणिक वेगळे गुण पडले आहेत. शनिवारी गुण भरण्याआधी हा प्रश्न कृपया पुन्हा पाहावा.

एकच कसोटी लावू या : चुकीचं लिहिलेलं नाव शरीरातल्या दुसऱ्या कशाचं आहे का? इलियमच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एल दोनदा आला, तर तसा दुसरा अवयव नाही. पूर्ण गुण द्या. पण तिसरं अक्षर आयऐवजी ई लिहिलं की ते लहान आतड्याच्या शेवटच्या भागाचं नाव होतं. बाण हाडावर असल्यामुळे मुलाला काय म्हणायचंय ते कळतं, म्हणून अर्धा गुण. पूर्ण मात्र नको, कारण पुढे केसपेपरवर हीच चूक घोटाळा करेल. इलियमच्या जागी इश्चियम लिहिलं असेल तर शून्य. तिथे हाडच ओळखलेलं नाही.

बाण इलियॅक क्रेस्टच्या कडेवर असताना नुसतं 'इलियम' लिहिलंय? उत्तर खोटं नाही, अपुरं आहे. अर्धा गुण. मात्र बाणाचं टोक नीट बघा. काही झेरॉक्स प्रतींत ते कडेच्या खाली सरकलंय. त्या प्रतींवर पूर्ण गुण द्यावेत, दोष आपल्या छपाईचा आहे.

स्नायूंच्या आकृतीत फिब्युलॅरिस लाँगसला पेरोनियस लाँगस म्हटलं असेल तर ते जुनं, बरोबर नाव आहे. गुण कापू नयेत.