विषय: ‘डाग न ठेवता निघणाऱ्या’ रांगोळी स्टिकरने भाड्याच्या घरात ठेवलेल्या डागाबाबत

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
(कंपनीचं नाव पाकिटावर ठळक छापलेलं आहे, मला पुन्हा लिहायची इच्छा नाही.)

तुमच्या ग्राहक सेवेतल्या मुलाने आत्ताच ‘आपली तक्रार निकाली काढली आहे’ असं सांगून फोन ठेवला. काय निकाली निघालं ते मला कळलेलं नाही. फरशीवरचा गोंद तर अजून तिथेच आहे. बिल, ऑर्डर क्रमांक आणि फोटो सोबत जोडले आहेत.

माल तुमचा दिवाळी सेट, किंमत ६४९ रुपये. त्यात मधोमध लावायचा अडीच फुटी गोल स्टिकर, उंबऱ्यासाठी लक्ष्मीच्या पावलांची पट्टी, रांगोळीचा छापा आणि दारातलं मॅट. छापा चांगला आहे. मॅट जरा सरकतं, पण खाली जाळीचा तुकडा टाकला की बसतं. तक्रार आहे ती गोल स्टिकरची. पाकिटावर तुम्हीच छापलंय: ‘सर्व प्रकारच्या फरशांवर चालतो’, ‘डाग न ठेवता निघतो’, ‘दर सणाला पुन्हा वापरा’. आणि वेबसाइटवर सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात, ‘खास भाड्याच्या घरात राहणाऱ्यांसाठी’. हे शेवटचं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आम्ही कोल्हापुरात मंगळवार पेठेत तळमजल्यावर भाड्याने राहतो. फरशी मोझॅकची, म्हणजे सिमेंटमध्ये संगमरवराचे तुकडे घालून घासलेली. वर्षानुवर्षं पुसून पॉलिश उतरलेलं, तरी मालकीणकाकूंनी जिवापाड जपलेली. नुसती पांढरी रांगोळी झाडली की जाते. पण रंग घातला आणि वर पावसाचा शिंतोडा आला की ती फरशी रंग पिते. गणपतीत गुलाबी रंगाचा एक ठिपका राहिला, त्यावरून काकूंनी ऐकवलं होतं. म्हणून यंदा तुमचा स्टिकर. रंगाचा डाग नको म्हणून ६४९ रुपये मोजले.

वसुबारसेला लावला, तुळशीचं लग्न झाल्यावर काढला. पाकिटावर महिनाभर ठेवा म्हटलंय, तेवढाही ठेवला नाही. कोपरा उचलला, फिल्म आली आणि गोंद जमिनीवर राहिला. थोडाथोडका नाही, अख्खा गोल. कमळाच्या पाकळ्या कुठे होत्या तेही गोंदात दिसत होतं. काकू भाडं घ्यायला आल्या, चप्पल बाहेर काढून आत पाऊल टाकलं आणि म्हणाल्या, “ह्ये काय गं लावलंयस? पाय चिकटाय लागलाय की!” त्या दिवसापासून तिथे वर्तमानपत्र अंथरून आम्ही वावरतोय, आणि आता वर्तमानपत्रही चिकटलंय.

आता तुमच्या मुलाशी झालेलं बोलणं. ते रेकॉर्ड होतं असं सुरुवातीला सांगतात, तेव्हा ऐकून घ्या.

पहिला प्रश्न, “मॅम, लावण्याआधी फरशी स्वच्छ पुसली होती का?” पुसली होती. “कोरड्या कपड्याने?” होय. “पूर्ण वाळू दिली होती?” होय. “मॅम, तरीही थोडी धूळ राहिली असेल, त्यामुळे असं होतं.”

इथे मी त्याला सांगितलं की आमचं उद्यमनगरात रेडियम कटिंगचं दुकान आहे. गाड्यांच्या नंबरप्लेटी, दुकानांच्या काचा, टेम्पोच्या मागची नावं. कापलेल्या विनाइलमधला नको तो भाग सोलायचं काम दिवसभर मीच करते. धूळ असली की काय होतं ते मला विचारा. धूळ असली तर स्टिकर नीट चिकटतच नाही, दोन दिवसांत कडा उठतात, आणि काढला की गोंद स्टिकरलाच राहतो, धुळीने मळलेला. माझ्या हातातल्या स्टिकरची मागची बाजू कोरी आहे, चकचकीत. गोंद सगळा फरशीने धरला आणि तुमच्या फिल्मने सोडला. गोंदाची पकड फिल्मवर जास्त हवी आणि जमिनीवर कमी, काढता येणाऱ्या स्टिकरचं सगळं गणित एवढंच. तुमच्यात ते उलटं झालंय.

पुरावा हवा असेल तर तुमच्याच सेटमध्ये आहे. उंबऱ्यावरची पावलं अलगद निघाली, एक कण राहिला नाही. त्याच दिवशी, त्याच फडक्याने पुसून, याच हातांनी लावली होती. फरक एवढाच की उंबरा गुळगुळीत काळ्या ग्रॅनाइटचा आहे आणि खोलीत मोझॅक. ग्रॅनाइटवर गोंद वरच राहतो. घासून उघड्या पडलेल्या मोझॅकच्या बारीक छिद्रांत तो हळूहळू उतरतो, आणि जितके दिवस जातील तितका घट्ट धरतो. त्यात तळमजल्याची ओल. कोल्हापूरच्या पावसाळ्यानंतर जमीन कित्येक आठवडे खालून ओल सोडत असते, तिच्यावर प्लॅस्टिकचं झाकण ठेवलं की ती गोंदाखाली अडकते. वर विनाइल मऊ राहावं म्हणून त्यात घातलेलं तेलकट द्रव्य उष्णतेने गोंदात उतरतं आणि गोंद चिघळतो. बोटाने ओढला तर तार सुटते, वाळत नाही. हे तुमच्या कारखान्यात कुणाला माहीत नाही असं मी धरून चालत नाही. माहीत आहे, तरी ‘सर्व प्रकारच्या फरशांवर’ छापलंय.

एवढं सांगितल्यावर पलीकडे शांतता. मग काय आलं? “मॅम, मग आपली फरशी जुनी आहे. आमचा प्रॉडक्ट मॉडर्न होम्ससाठी आहे.”

म्हटलं, बाळा, तुमच्या जाहिरातीत भाड्याचं घर लिहिलंय. भाड्याने जे मिळतं त्यात राहतो, फरशी निवडायला मला कोण बोलावतं?

त्यावर तो म्हणाला, “मॅम, स्टिकर लावण्याआधी घरमालकांची परवानगी घेतली होती का?”

हे वाक्य मी त्याला दोनदा म्हणायला लावलं. परवानगी! खास भाड्याच्या घरासाठी म्हणून विकलेल्या वस्तूला मालकाची परवानगी! मग पाकिटात स्टॅम्प पेपरही टाका की एक.

पुढे उपाय सांगितला, व्हिनेगर ओतून अर्धा तास ठेवा. मी दाराच्या मागे, कुणाला दिसणार नाही अशा कोपऱ्यात चार थेंब टाकून बघितले. पांढऱ्या तुकड्यांवर बारीक बुडबुडे आले, आणि पुसल्यावर तेवढी जागा खडूसारखी निस्तेज झाली. संगमरवर आहे ते, आंबटाने खाल्लं जाणारच. गोंदाला काही झालं नाही. अख्ख्या गोलावर ओतलं असतं तर गोंदही राहिला असता आणि पॉलिशही गेलं असतं. हा सल्ला तुम्ही आणखी किती जणांना दिलाय?

आणि मग शेवट. “मॅम, आम्ही आपल्याला नवीन स्टिकर फ्री पाठवतो. तो त्याच जागी लावा, डाग झाकला जाईल.”

म्हणजे गोंदावर गोंद. घर सोडताना सोलायचं, आणि तेव्हा दुप्पट डाग काकूंच्या हवाली करायचा. हा माणूस गंमत करतोय का म्हणून मी थांबले. तो गंमत करत नव्हता. नंतर त्याने मला रेटिंग मागितलं.

तुमच्या सल्ल्याविना काय केलं तेही लिहिते. हेअर ड्रायरने गोंद कोमट केला, जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने जवळजवळ आडवं धरून खरवडला. लोखंडी पातं लावलं नाही, ओरखडे पडतात. उरलेल्यावर हाताच्या पंज्याएवढ्या जागी खोबरेल चोळून ठेवलं, गोंद सुटला, भांड्याच्या साबणाने पुसला. पण तेलही फरशीत उतरलं, आणि आता तिथे काळपट ओलसर सावली दिसते. तिच्यावर टाल्कम पावडरचा जाड थर रात्रभर ठेवून तेल शोषून घ्यायचं, पुन्हा पुन्हा, असा उद्योग चालू आहे. सावली फिकी झालीय, गेलेली नाही. बाकीच्या गोलाला म्हणून मी हात लावलेला नाही. पॉलिशवाला येऊन बघून गेला. तो म्हणाला, मशीनने डाग निघेल, पण तेवढाच तुकडा घासला तर तो आरशासारखा चमकेल आणि भोवतीची फरशी मळकी दिसेल, घासायची तर सगळी खोली. खर्च किती तो त्याच्या लेखी अंदाजात आहे, जोडलाय. काकू तो डिपॉझिटमधून कापणार. त्यांचं काही चुकत नाही.

पाकिटावर एक ओळ छापली असती की ‘मोझॅक, शहाबादी, कोबा यांवर लावू नका, आधी कोपऱ्यात तुकडा लावून बघा’, तर मी घेतलाच नसता. आमच्या धंद्यात गिऱ्हाईक जुन्या रंगावर रेडियम लाव म्हणालं तर आम्ही आधी सांगतो, काढताना रंग घेऊन येईल. दहा बाय दहाच्या दुकानात हे जमतं. ‘दर सणाला पुन्हा वापरा’ याबद्दल तर बोलायलाच नको. पाठीला गोंदच नाही, तर पाडव्याला तो काय मी खिळे मारून लावू?

मला काय हवंय ते स्पष्ट लिहिते. ६४९ रुपये परत आणि खोलीच्या पॉलिशचा खर्च. नवीन स्टिकर पाठवू नका, आला तर परत जाईल. वेबसाइटवरून ‘सर्व प्रकारच्या फरशांवर’ आणि ‘भाड्याच्या घरांसाठी’ हे दोन्ही काढा, किंवा कुठे चालत नाही ते तितक्याच मोठ्या अक्षरात लिहा.

ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे या पत्राची पोच ४८ तासांत द्यायची आणि एका महिन्यात निवारण करायचं आहे. ‘निकाली’ म्हणून फोन ठेवला की निवारण होत नाही. महिन्यात झालं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. मी राहते तिथेच तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, आणि मालावर पुरेसा इशारा न छापल्याने झालेलं नुकसान त्या कायद्यात उत्पादकाच्या माथी येतं. वकील न लावता येईन, बोलायला मला कुणी लागत नाही.

स्टिकर, पाकीट आणि पावलांची पट्टी तिन्ही जपून ठेवली आहेत. पाहणीला माणूस पाठवणार असाल तर आधी फोन करा, दुपारी आम्ही दुकानात असतो. काकू मात्र दिवसभर घरी असतात, आणि त्यांनाही तुमच्याशी बोलायचं आहे.

आपली (अजून तरी) ग्राहक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर